रेझ्युमेत खोली हवी की व्याप्ती? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकाच प्रकारच्या कामात मुरत गेल्याचा अनुभव म्हणजे रेझ्युमेतली खोली आणि अनेक कामे एकत्र सांभाळल्याचा अनुभव म्हणजे व्याप्ती. त्यातले काय चालेल, हे जागा कोणती आहे त्यावर ठरते. हिशेबाच्या कामात हा फरक ठळक दिसतो, कारण 'अकाउंटंट पाहिजे' या एकाच मथळ्याखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या निघतात.

गैरसमज १ : जितकी जास्त कामे लिहावीत, तितकी संधी जास्त.

वस्तुस्थिती : भोसरीतल्या ४० कामगारांच्या एखाद्या कारखान्यात अकाउंटंट बहुधा एकच असतो. त्याचा महिना तारखांवर चालतो. मार्चचा अपवाद सोडला तर ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११ पर्यंत जीएसटीआर-१, १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआय, २० पर्यंत जीएसटीआर-३बी. मधल्या दिवसांत बिले, बँकेचा ताळमेळ आणि पगारपत्रक. काही अडले तर विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नसते, म्हणून अशा जागेला व्याप्तीच लागते.

मोठ्या कंपनीत हीच कामे वेगवेगळ्या विभागांत वाटलेली असतात. तिथल्या अप्रत्यक्ष कर विभागातला माणूस खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी ताडून पाहतो, पुरवठादाराच्या चुकीने अडकलेले इनपुट क्रेडिट सोडवतो आणि खात्याच्या नोटिशींची उत्तरे तयार करतो. या जागेसाठी आलेल्या रेझ्युमेत पगारपत्रक आणि किरकोळ रोकडीच्या ओळी खोट्या नसतात, पण वाचणारा जे शोधतो त्याची जागा त्या अडवतात.

गैरसमज २ : पदाच्या नावावरून जाहिरात कळते.

वस्तुस्थिती : कळते ती कामांच्या यादीवरून. यादीतली कामे चार-पाच वेगळ्या विषयांची असतील, 'एकहाती' किंवा 'सर्व कामे सांभाळणारा' असे शब्द असतील आणि कामाचा अहवाल थेट मालकाला द्यायचा असेल, तर व्याप्ती हवी आहे. यादीतल्या बहुतेक ओळी एकाच विषयाभोवती फिरत असतील, विशिष्ट फॉर्मची नावे असतील आणि वरिष्ठ त्याच विषयाचा विभागप्रमुख असेल, तर खोली हवी आहे.

गैरसमज ३ : अनुभव एक, म्हणून रेझ्युमेही एकच.

वस्तुस्थिती : वरच्या कारखान्यात सहा वर्षे काम केलेला अकाउंटंट घेऊ. उलाढाल ८ कोटींची आहे. १ ऑगस्ट २०२३पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा ५ कोटींवर आली, तेव्हा इतर व्यवसायांना दिलेली बिले त्या पद्धतीने काढण्याची घडी त्यानेच बसवली. दुसऱ्या छोट्या कारखान्यासाठी त्याच्या रेझ्युमेची पहिली ओळ अशी : '४० कामगारांच्या कारखान्याचे हिशेब, कर आणि पगार सहा वर्षे एकहाती सांभाळले.' त्याखाली प्रत्येक कामाला एक ओळ पुरते आणि जीएसटीही त्यातलीच एक.

कर विभागाच्या जागेसाठी क्रम उलटतो. पहिली ओळ : 'सहा वर्षे जीएसटीची मासिक विवरणपत्रे आणि इनपुट क्रेडिटचा ताळमेळ.' पुढे जीएसटीआर-२बीमध्ये न दिसणारी बिले दर महिन्याला कशी शोधली, ई-इन्व्हॉइसची घडी कशी बसवली, वार्षिक विवरणपत्र कसे तयार केले, असे तपशील. उरलेली सगळी कामे शेवटी एका ओळीत. ती गाळायची नसतात, कारण टीडीएस आणि खरेदीच्या नोंदी कळणारा माणूस जीएसटीतली चूक लवकर पकडतो.

गैरसमज ४ : मांडणी बदलली की सामान्य अनुभवाचे विशेष प्रावीण्य होते.

वस्तुस्थिती : मांडणीने असलेली खोली दिसते, नसलेली तयार होत नाही. विवरणपत्रे केवळ वेळेवर भरली असतील आणि नोटीस आली की ती बाहेरच्या सल्लागाराकडे गेली असेल, तर ते मुलाखतीत लगेच उघडे पडते. विवरणपत्राच्या छाननीची एएसएमटी-१० नोटीस आल्यावर उत्तर एएसएमटी-११मध्ये जाते, हे पाठ करता येते. पण विसंगती नेमकी कोणत्या आकड्यांत होती आणि खुलासा कोणत्या कागदांवर उभा केला, हे काम केलेलाच सांगू शकतो. असे काम केलेले नसेल तर रेझ्युमेत 'नोटिशींची उत्तरे' ही ओळ नसावी.

गैरसमज ५ : विशेषज्ञाची नोकरी जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती : जोखीम दोन्हीकडे आहे, फक्त वेगळी. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा व्हॅट किंवा उत्पादन शुल्क हेच एक काम करणाऱ्यांना नवा कायदा मुळापासून शिकावा लागला. सगळे सांभाळणाऱ्याला त्या दिवशी त्याच्या अनेक कामांतले एकच बदलावे लागले. मात्र कारखाना वाढून कामांचे विभाग पडू लागले की त्याच्यापुढे प्रश्न येतो : कोणता विभाग आपला? त्या वेळी कामी येते ती सगळ्या कामांपैकी एखाद्यात आधीपासून साठवलेली खोली.