एफडीचा दर दुकानात कुठवर चालतो?

दुकानाचं गणित : भाग ९

उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा असतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. किती कमी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. पाठ्यपुस्तकं इथं बिनदिक्कत दहा टक्के धरतात आणि पुढं जातात. दुकानदार त्यापेक्षा शहाणा असतो. तो म्हणतो, ‘हेच पैसे बँकेत ठेवले तर काय मिळेल?’ म्हणजे मुदत ठेवीचा, एफडीचा दर तो मोजपट्टी म्हणून वापरतो. ही मोजपट्टी चांगली आहे, पण ती सगळ्या पैशांना लागू पडत नाही. आज एकाच खरेदीवर ती लावून बघू.

तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान समजा. मालकाकडे साठ हजार रुपये मोकळे आहेत आणि त्याला स्वतःचा डीप फ्रीजर घ्यायचा आहे. आइस्क्रीम कंपन्या फ्रीजर देतात, पण त्यात त्यांचाच माल ठेवावा लागतो. याला मटार, पनीर आणि दोन-तीन कंपन्यांचं आइस्क्रीम, सगळंच ठेवायचंय. लाइट बिल, खराब होणारा माल आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता वर्षाला १६,००० रुपये सुटतील, असा त्याचा अंदाज. फ्रीजर पाच वर्षं चालेल आणि शेवटी दहा हजारांना जाईल.

साधी बेरीज केली तर १६,००० गुणिले पाच म्हणजे ८०,०००, त्यात विक्रीचे १०,०००, एकूण ९०,०००. साठ घातले, नव्वद आले, तीस हजार फायदा. आता एफडीचा दर ७ टक्के धरा. पहिल्या वर्षाअखेर येणाऱ्या १६,००० ला १.०७ ने भागलं की आजची किंमत १४,९५३ येते. दुसऱ्या वर्षाच्या रकमेला दोनदा भागायचं, १३,९७५ येतात. पाचव्या वर्षाचे १६,००० आज फक्त ११,४०८ चे आहेत. पाचही वर्षांची बेरीज ६५,६०३ आणि जुन्या फ्रीजरच्या दहा हजारांची आजची किंमत ७,१३०. एकूण ७२,७३३. म्हणजे खरा फायदा तीस हजार नाही, १२,७०० च्या आसपास आहे. तरी तो फायदाच आहे. फ्रीजर घ्यावा.

इथं दर कुठला घ्यायचा, याची थोडी काळजी हवी. पाच वर्षांच्या निर्णयाला पाच वर्षांच्या ठेवीचा दर, आणि तोही मोठ्या, भक्कम बँकेचा. पतसंस्था दोन टक्के जास्त देते म्हणून तो दर धरू नका. बँकेतली ठेव २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. तिथला वरचा टक्का हा धोक्याचा मोबदला आहे. आणि २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, हे मुंबईतले दुकानदार विसरलेले नाहीत. एफडीचा दर मोजपट्टी म्हणून वापरता येतो तो ठेव जवळजवळ बिनधोक असते म्हणूनच.

आता याच दुकानदाराचा घाऊक व्यापाऱ्याशी चाललेला व्यवहार बघू. तो महिन्याला दोन लाखांचा माल उचलतो. त्यातला एक लाख चाळीस हजारांचा रोखीने घेतो, उरलेल्या साठेक हजारांच्या मालाला पैसे पुरत नाहीत म्हणून तीस दिवसांची उधारी. रोखीने घेतलं की व्यापारी दोन टक्के सूट देतो, ज्याला बाजारात सीडी म्हणतात. उधारीवर ती सुटते. ‘दोनच टक्के’ म्हणून ती कुणी फारशी मनावर घेत नाही. पण हे दोन टक्के वर्षाचे नाहीत, तीस दिवसांचे आहेत. शंभरचा माल आज ९८ ला मिळतो. ९८ रुपये तीस दिवस वापरायला द्यायचे दोन रुपये, म्हणजे महिन्याला दोन टक्क्यांहून किंचित जास्त आणि वर्षाला सरळ व्याजाने २४ ते २५ टक्के. व्याजावर व्याज धरलं तर २८ टक्क्यांच्या घरात जातं.

फ्रीजरसाठी ठेवलेले साठ हजार या कामाला लावले तर काय होईल? दर महिन्याला ६१,२०० चा माल साठ हजारांत येईल, बाराशेच्या वर रुपये वाचतील. माल महिनाभरात विकला गेला की साठ हजार पुन्हा गल्ल्यात. वर्षाचे झाले जवळजवळ १४,७००. फ्रीजर देतो त्यापेक्षा हे थोडं कमी वाटतं. पण फ्रीजरमध्ये घातलेले साठ हजार पाच वर्षांनी दहा हजार होऊन परत येतात. इथं ते पाच वर्षांनीही साठ हजारच असतात.

सात टक्क्यांनी हिशेब केला तर फ्रीजर घ्यावासा वाटतो. पण या दुकानदाराचे साठ हजार फ्रीजरला नाही गेले तर एफडीत जाणार नाहीत, उधारी कमी करायला जातील किंवा निदान जायला हवेत. म्हणजे त्याच्या या पैशाचा दर ७ नाही, २४ आहे. याच फ्रीजरला १८ टक्के दर लावला तरी आजची किंमत ५४,४०० च येते, साठ हजारांहून कमी. फ्रीजर १४ टक्क्यांच्या आसपास काठावर येतो. त्याहून महाग पैशाने तो घ्यायचा नाही.

पण २४ हा आकडा त्या दुकानावर कायमचा शिक्का नाही. उधारीचा माल साठ हजारांचाच होता. तो रोखीने घेतला की सूट संपली. त्यानंतर हातात आलेल्या पुढच्या एक लाखाला ही संधी उरत नाही. तो लाख खरोखर एफडीतच जाणार असेल, तर त्याच्यासाठी सात टक्केच बरोबर. एकाच दुकानात पहिल्या साठ हजारांचा दर २४ आणि पुढच्या लाखाचा ७ असू शकतो. ‘दुकानाचा डिस्काउंट रेट किती’ असा प्रश्न विचारण्यातच घोळ आहे. ‘हे पैसे इथं नाही लावले तर नेमके कुठं जातील’, असं विचारायला हवं.

बरेच दुकानदार एका बाजूला एफडी ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला सीडी सोडतात. सात टक्के कमावतात आणि चोवीस टक्के मोजतात. हा निव्वळ वेडेपणा नाही. ती एफडी मुलीच्या शिक्षणाची किंवा दवाखान्याची असते, आणि एकदा मोडलेली ठेव दुकान परत भरून देत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. पण ठेव न मोडता मार्ग आहे. बँका एफडीवर साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत ओव्हरड्राफ्ट देतात, दर ठेवीपेक्षा एक ते दोन टक्के जास्त, आणि व्याज वापरलेल्या दिवसांचंच. ठेव आहे तिथंच राहते. आठ-नऊ टक्क्यांनी पैसा उचलून चोवीस टक्के वाचवायचे, असा हा सरळ व्यवहार आहे. अट एकच, माल महिन्यात विकला जाणारा हवा. सीडीसाठी तीन महिन्यांची हळद भरून ठेवली तर सगळं गणित उलटतं.

मग फ्रीजरचं काय? स्वतःचे साठ हजार सीडीला लावायचे आणि फ्रीजर १२ टक्क्यांच्या कर्जावर घ्यायचा, हाही एक मार्ग. १२ टक्क्यांनी फ्रीजरची आजची किंमत ६३,३५० येते. साडेतीन हजारांहून कमी फायदा, पण फायदा. कर्ज काढून यंत्र घ्यावं आणि रोख मालात घालावी, हे ‘आधी स्वतःचा पैसा वापर, कर्ज नको’ या घरच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे. मला मात्र या दुकानापुरतं तेच बरोबर वाटतं, फ्रीजरचा अंदाज पक्का असेल तर.

आणि खरी अडचण या अंदाजाचीच आहे. एफडीचे सात टक्के बँक देतेच. फ्रीजरचे १६,००० कुणी लिहून दिलेले नाहीत. समोर दुसऱ्याने फ्रीजर ठेवला, उन्हाळ्यात लाइट गेली, कॉम्प्रेसर बसला, काहीही होऊ शकतं. धोका आहे म्हणून लोक दर वाढवतात, सातचे बारा करतात. मला ही सवय आवडत नाही. पाच टक्के वाढवले तर पहिल्या वर्षाच्या १६,००० ची आजची किंमत फक्त ६६७ रुपयांनी घटते आणि पाचव्या वर्षाची २,३०० हून जास्त. पण गिऱ्हाईक फ्रोझन माल घेईल की नाही हा धोका तर पहिल्याच वर्षी सर्वांत मोठा आहे. दर वाढवल्याने कात्री भलत्याच ठिकाणी चालते.

त्यापेक्षा दर तसाच ठेवून रकमेला हात घाला. सात टक्क्यांना साठ हजार वसूल व्हायला वर्षाला किमान किती सुटायला हवेत? जुन्या फ्रीजरचे आजचे ७,१३० वजा केले की ५२,८७० उरतात. पाच वर्षं दरसाल एक रुपया मिळाला तर त्याची आजची किंमत ४.१० रुपये होते. त्याने भागलं की १२,९०० येतात. महिन्याला १,०७५, दिवसाला पस्तीस रुपये. ‘सात की बारा’ याचं उत्तर दुकानदार देऊ शकत नाही, पण ‘सगळा खर्च जाऊन रोज पस्तीस रुपये सुटतील का, श्रावणातही, पावसाळ्यातही?’ याचं उत्तर तो शेजारच्या दुकानात दोन संध्याकाळी उभा राहून देऊ शकतो. वर्षाला १४,००० च सुटणार असतील तर सात टक्क्यांनी साडेचार हजार फायदा राहतो, आणि बारा टक्क्यांच्या कर्जावर जवळजवळ चार हजार तोटा होतो. वरचा कर्जाचा सल्ला ‘अंदाज पक्का असेल तर’ या अटीवर दिला तो यामुळे.

कर आणि महागाई यांच्याबद्दल दोनच वाक्यं. एफडीच्या व्याजावर कर धरून दर कमी केलात तर फ्रीजरच्या कमाईतूनही कर वजा करा. आणि एफडीच्या दरात महागाई आधीच मिसळलेली असते, तेव्हा फ्रीजरचा नफा पाचही वर्षं आजच्याच भावाने लिहिला तर फ्रीजरवर थोडा अन्याय होतो.

राहिला प्रश्न एफडीचा दर बदलण्याचा. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांचे दर पाच टक्क्यांच्या आसपास उतरले होते, २०२३ मध्ये ते सातच्या जवळ गेले. पाच टक्क्यांनी आपल्या फ्रीजरची आजची किंमत ७७,१०० येते, सातच्या मानाने ४,४०० जास्त. आता वर्षाच्या नफ्याचा अंदाज हजार रुपयांनी चुकला तर काय होतं बघा : किंमत ४,१०० ने हलते. म्हणजे दरातला दोन टक्क्यांचा फरक आणि महिन्याला नव्वदेक रुपयांची अंदाजातली चूक जवळपास सारख्याच वजनाची आहे. बँकेचा नवा दरफलक लागेपर्यंत थांबण्यापेक्षा लाइट बिलाचा अंदाज नीट केलेला बरा.

पुढच्या भागात : गिऱ्हाईकाला दिलेली उधारी. तिथं दुकानदारच सावकार असतो, आणि दर कुणी ठरवलेलाच नसतो.