चौदा पट वेग, पण कशामुळे?

एम.टेक.चा लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यासमोर चाळीस-पन्नास पेपर असतात आणि हाताशी वेळ कमी असतो. मग प्रत्येक पेपरचा गोषवारा वाचायचा, त्यातलं मुख्य वाक्य आपल्या शब्दांत फिरवायचं आणि पुढच्या पेपरकडे वळायचं, ही सवय लागते. मशीन लर्निंगमध्ये ती फार नडते. का नडते, हे एकच पेपर नीट वाचून पाहू.

गूगलमधील सर्गेई आयोफे आणि ख्रिश्चन सेगेडी यांनी 2015 मध्ये बॅच नॉर्मलायझेशन ही पद्धत मांडली. न्यूरल नेटवर्कला शिकवताना चित्रं छोट्या गटांनी दिली जातात. अशा प्रत्येक गटासाठी नेटवर्कच्या थरांमधल्या आकड्यांची सरासरी शून्यावर आणि त्यांचा विखुरलेपणा ठरावीक मापावर आणायचा, ही मूळ कल्पना. गोषवारा सांगतो की, चित्रं ओळखणाऱ्या एका अव्वल मॉडेलला ही पद्धत लावल्यावर तेवढीच अचूकता चौदा पट कमी पायऱ्यांत मिळाली. ‘बॅच नॉर्मलायझेशनमुळे प्रशिक्षण चौदा पट जलद होते’ असं वाक्य रिव्ह्यूमध्ये उतरतं ते इथूनच.

आता गोषवारा बाजूला ठेवून प्रयोगाच्या तक्त्याकडे जाऊ. माझ्या मते पेपरमध्ये सर्वांत आधी सावकाश वाचायची जागा तीच. इन्सेप्शन हे मूळ मॉडेल 72.2 टक्के अचूकतेला पोहोचायला 3 कोटी 10 लाख पायऱ्या घेतं. त्यात फक्त बॅच नॉर्मलायझेशन घातलं, बाकी काही बदललं नाही, तर 1 कोटी 33 लाख पायऱ्या लागतात. म्हणजे वेग सुमारे 2.3 पट. पायऱ्या 21 लाखांवर येतात त्या तिसऱ्या ओळीत, आणि त्या ओळीतल्या मॉडेलमध्ये आणखीही बदल आहेत: लर्निंग रेट पाचपट केला, ड्रॉपआउट काढून टाकलं, प्रशिक्षणातल्या चित्रांची क्रमवारी अधिक नीट पिसली, आणि असेच काही. चौदा पट हा आकडा या सगळ्या बदलांचा मिळून आहे.

लेखकांनी यातलं काही लपवलेलं नाही. बदलांची यादी पेपरमध्येच आहे. शिवाय लर्निंग रेट पाचपट केल्यावर मूळ इन्सेप्शनचं प्रशिक्षण कोसळतं, हेही त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे तो वाढीव दर पेलण्याचं श्रेय नव्या पद्धतीला जातंच. पण ड्रॉपआउट काढल्याने किती फरक पडला आणि क्रमवारी पिसल्याने किती, हे तक्त्यातून वेगळं काढता येत नाही. सारांशात ही मर्यादा यायलाच हवी.

आकड्यापेक्षाही घसरायला सोपी जागा म्हणजे ‘का’ या प्रश्नाचं उत्तर. शिकताना मागचे थर बदलत राहतात, त्यामुळे पुढच्या थरांना मिळणाऱ्या आकड्यांचं वितरण सतत हलतं आणि बॅच नॉर्मलायझेशन ही हालचाल कमी करतं, असं लेखकांचं स्पष्टीकरण होतं. वेग तक्त्यात मोजलेला आहे. पण हालचाल कमी झाली *म्हणूनच* वेग वाढला, हे मात्र त्या प्रयोगांनी वेगळं तपासलेलं नव्हतं. 2018 मध्ये शिबानी संतुरकर आणि एमआयटीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच तपासलं. बॅच नॉर्मलायझेशननंतर त्यांनी मुद्दाम यादृच्छिक गोंधळ मिसळला आणि वितरण पुन्हा अस्थिर केलं. तरीही ते नेटवर्क बॅच नॉर्मलायझेशन नसलेल्या नेटवर्कपेक्षा चांगलं शिकलं. त्यांच्या विश्लेषणानुसार खरा फायदा असा की त्रुटीचा पृष्ठभाग अधिक गुळगुळीत होतो, त्यामुळे मोठी पावलं टाकता येतात.

म्हणून वाचतानाच वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: काय मोजलं, कशाच्या तुलनेत मोजलं आणि लेखक त्याचं कारण काय देतात. प्रत्येक नोंदीपुढे तक्ता किंवा आकृतीचा क्रमांक टाकावा. क्रमांक सापडत नसेल, तर बहुधा ती नोंद निष्कर्षाची नसून मताची असते.

अशा नोंदींवरून रिव्ह्यूमधला परिच्छेद साधारण असा होईल: ‘आयोफे आणि सेगेडी (2015) यांनी इमेजनेटवर इन्सेप्शन मॉडेलमध्ये केवळ बॅच नॉर्मलायझेशन जोडून सुमारे 2.3 पट कमी पायऱ्यांत तेवढीच अचूकता गाठली. लर्निंग रेट व इतर बदलांसह ही घट 14 पटींवर गेली, मात्र या इतर बदलांचा वाटा स्वतंत्रपणे मोजलेला नाही. त्यांनी याचे कारण वितरणाच्या स्थैर्यात शोधले. संतुरकर आणि सहकारी (2018) यांच्या प्रयोगांनी त्या कारणावर प्रश्नचिन्ह उभे केले, पद्धतीच्या उपयुक्ततेवर नाही.’

या परिच्छेदात दोन पेपर एकाच प्रश्नाभोवती आले आहेत. नवीन पद्धत मांडणारा पेपर वाचून झाला की त्याचा उल्लेख करणारे नंतरचे पेपर गूगल स्कॉलरवर शोधावेत, आणि त्यांतले मूळ कारण तपासून पाहणारे आधी वाचावेत. पद्धत नुसती वापरणारे शेकडो सापडतात. त्यांच्यासाठी रिव्ह्यूमध्ये एखादी ओळ पुरते.