वही मिटल्यावर काय आठवतं?

दहावीच्या वेळापत्रकांत बहुधा ‘सोमवार: वर्तुळ’ एवढंच लिहिलेलं असतं. मग सोमवारी ते प्रकरण तीनदा वाचलं जातं, ओळी रंगवल्या जातात आणि सगळं येतं असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हा भ्रम तपासला. पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं.

म्हणून तक्ता वाचनाचा नको, आठवणीचा हवा. त्यात पाच रकाने पुरतात: प्रकरण, पहिला दिवस, तिसरा दिवस, सातवा दिवस आणि ‘कुठे अडलं’. समजा, एका मुलीने सोमवारी भूमितीतलं वर्तुळ घेतलं. पुस्तक मिटून ती चक्रीय चौकोनाचं प्रमेय लिहू लागते. पक्ष, साध्य जमतं, सिद्धतेत गाडी अडते. संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे तिला पाठ आहे, पण त्यासाठी अंतर्लिखित कोनाचं प्रमेय वापरायचं हे सुचत नाही. शेवटच्या रकान्यात तेवढंच लिहायचं. बुधवारी सुरुवात तिथूनच, पुढच्या रविवारी पुन्हा कोरा कागद. त्या दिवशीही तेच अडलं, तर चौथ्यांदा वाचण्यात अर्थ नाही. बाईंना किंवा सरांना विचारायला हवं. आठवड्यातली एक संध्याकाळ रिकामी ठेवावी, कारण ठरलेलं काहीतरी मागे पडतंच.

रात्री जागून केलेला अभ्यास फारसा टिकत नाही, कारण दिवसभरातलं शिकणं झोपेतच पक्कं होतं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पेपर अकराचा असेल तर साडेदहाला अंथरूण आणि साडेसहाला उठणं, हा क्रम निदान आठवडाभर आधी सुरू करावा. संध्याकाळनंतर चहा नको. त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायलाच पाचेक तास लागतात. (‘झोप उडावी म्हणून’ दहा वाजता चहा करून देणाऱ्या आयांनी हे वाचलं तर बरं.)

एवढं करूनही प्रश्नपत्रिका हातात आल्यावर छाती धडधडू शकते. तेव्हा नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा; असं आठ-दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. फार खोल ओढला तर चक्कर येते, तसं झालं तर नेहमीसारखा श्वास घ्यावा. ही सवय घरी घड्याळ लावून सराव पेपर सोडवतानाच लावावी. मग येणारा एखादा सोपा प्रश्न आधी लिहून टाकावा. हात चालू झाला की मन प्रश्नावर येतं.

भीतीमुळे अनेक रात्री झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हे उपाय अपुरे आहेत. घरच्यांशी आणि डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावं. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.