नोटीसच्या महिन्यात फ्लॅट दाखवताना

‘उद्या संध्याकाळी दोन पार्ट्या फ्लॅट बघायला येतील. घरी थांबा.’

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या अनेकांना असा मेसेज आलेला असतो. भाडेकरूने घर सोडत असल्याचं कळवलेलं असतं आणि नोटीसचा महिना चालू झालेला असतो. मालकाला नवा भाडेकरू शोधायचा असतो, पण घरात अजून जुन्याचा संसार मांडलेला असतो. वरच्या दोन वाक्यांत चुकीचं काही नाही, तरी ती वाचून भाडेकरूच्या कपाळावर आठी पडते. कोण येणार, किती वाजता येणार, असं किती दिवस चालणार, यातलं काहीच त्यात नाही. आणि परवानगी तर विचारलेलीच नाही.

मालकाची घाई समजण्यासारखी आहे. समजा, कोथरूडमधल्या एका टू बीएचकेचं भाडं महिना 27,000 रुपये आहे. म्हणजे फ्लॅट रिकामा राहिला की रोजचे 900 रुपये बुडाले. भाडेकरू 30 जूनला निघाला आणि मालकाने त्यानंतर शोध सुरू करून 20 जुलैला नवी माणसं आणली, तर 18,000 रुपये गेले. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स त्याला चुकत नाही. म्हणून जूनमध्येच फ्लॅट दाखवून करार पक्का करावा असं त्याला वाटतं.

भाडेकरूची अडचणही तितकीच खरी असते. याच घरात नवरा रात्रपाळी करून सकाळी झोपतो आणि बायको घरूनच ऑफिसचं काम करते. निम्मं सामान खोक्यांत गेलेलं असतं. अशा वेळी अनोळखी माणसं बेडरूमपर्यंत येतात, कपाटं उघडून बघतात, बाथरूमचे नळ सोडून बघतात. सगळं भाडं वेळेवर भरलेल्या माणसाला आपण आपल्याच घरात पाहुणे झालो, असं वाटू लागतं.

कायदा याबद्दल काय सांगतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 28 नुसार मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. भाडेकरूबरोबरच लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही हे कलम लागू होतं. मात्र त्यात मालकाने पाहणी करण्याचा उल्लेख आहे. उद्याच्या भाडेकरूला घर दाखवण्याबद्दल स्पष्ट शब्द नाहीत. नेहमीच्या छापील करारांतही ‘मालक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती पूर्वसूचना देऊन जागा पाहू शकेल’ अशा अर्थाचं कलम असतं. त्यात एजंट बसवता येतो, पण एजंटच्या मागून येणाऱ्या चार अनोळखी माणसांचं काय, हा प्रश्न उरतोच. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालकाने घरात येण्याआधी किमान 24 तासांची सूचना द्यावी, असं म्हटलं आहे. तो नमुना कायदा आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तरीही 24 तासांचं माप दोघांनी पाळावं इतकं रास्त आहे.

कायद्यात ही मोकळी जागा असल्यामुळे मेसेजला महत्त्व येतं. हक्क सांगण्यापेक्षा विनंती केली, तर संमती मिळते. ती लेखी असली की पुढचे वाद टळतात.

कोथरूडच्या त्या मालकाने असं लिहायला हवं होतं:

‘नमस्कार. तुम्ही 30 जूनला घर सोडत आहात. त्याआधी इच्छुकांना फ्लॅट दाखवायला तुमची हरकत नसेल, तर येत्या दोन शनिवारी आणि रविवारी सकाळी 11 ते 12 ही वेळ चालेल का? गैरसोयीची असेल तर तुम्हीच दुसरी वेळ सांगा. आधी जुना व्हिडिओ पाठवतो; तो आवडला तरच माणसं आणू. कोण येणार ते आदल्या दिवशी कळवीन. एका वेळी एकच कुटुंब येईल, सोबत मी किंवा एजंट असू. तुमच्या सामानाचे फोटो कोणी काढणार नाही. तुम्ही घरी नसाल तर तुम्हाला विचारल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. फ्लॅट ठरला की त्याच दिवशी कळवीन, पुढे कोणी येणार नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य एकेका भांडणाची शक्यता मिटवतं. आठ कुटुंबांनी आठ संध्याकाळी येण्याऐवजी ती चार ठरलेल्या तासांत बघून जातात. रात्रपाळीच्या नवऱ्याला त्या चार दिवसांपुरतं झोपेचं गणित बसवता येतं. व्हिडिओमुळे ज्यांना पूर्वेकडची बाल्कनी किंवा दुसरं पार्किंग हवं आहे, ते घरबसल्या बाद होतात. आणि हे सगळं कधी संपणार, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी कळतं.

भाडेकरूनेही ‘बघू’ म्हणून विषय लांबवू नये. ‘नमस्कार काका, शनिवार चालेल. रविवारी सकाळी यांची झोप असते, त्यामुळे संध्याकाळी 5 ते 6 ठेवा. बेडरूममधलं कपाट बंद असेल, ते उघडायला सांगू नका,’ एवढं उत्तर पुरतं. दागिने, कागदपत्रं आणि औषधं त्या तासापुरती कुलपात ठेवावीत. आलेल्यांनी पाण्याबद्दल किंवा गळतीबद्दल विचारलं तर खरं सांगावं. मालकाला नडण्यासाठी वाढवून सांगू नये.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. मालक डुप्लिकेट किल्ली एजंटला किंवा वॉचमनला देऊन टाकतो आणि भाडेकरू ऑफिसात असताना घर उघडलं जातं. नंतर एखादी वस्तू सापडली नाही, तर संशय कोणावर घ्यायचा? दुसरी गोष्ट फोटोंची. घरातल्या मुलांच्या फोटोफ्रेमसकट हॉलचं चित्र जाहिरातीत गेलं, की भाडेकरूचा राग रास्तच असतो. आणि तिसरी गोष्ट डिपॉझिटची. ‘दाखवू दिलं नाही तर 80,000 परत मिळणार नाहीत,’ असा निरोप एजंटमार्फत येतो. डिपॉझिटमधून थकलेलं भाडं, वीजबिल किंवा मोडतोड यांची रक्कम करारानुसार वळती होते. फ्लॅट दाखवण्यातली गैरसोय त्यात मोडत नाही. असा निरोप आल्यास भाडेकरूने तोंडी वाद न घालता करारातलं डिपॉझिटचं कलम वाचावं आणि मालकालाच थेट लेखी विचारावं.

तारखांचंही भान ठेवावं लागतं. जुनं कुटुंब 30 जूनला निघणार आणि नव्याला 1 जुलैला ताबा देण्याचा शब्द मालकाने दिला, तर रंग, सफाई आणि राहिलेली दुरुस्ती यांना वेळच उरत नाही. मग टेम्पो दारात उभा असताना जुन्या माणसांना लवकर निघण्याचा तगादा सुरू होतो. मधे तीन-चार दिवस ठेवले तर मालकाचे साधारण 2,700 ते 3,600 रुपये जातात आणि तिघांचीही ओढाताण वाचते.

नवा करार करणाऱ्यांनी मालक असो वा भाडेकरू, नोंदणीआधी एजंटकडून एक कलम घालून घ्यावं: ‘नोटीसच्या काळात, किमान 24 तास आधी कळवून, दोघांनी ठरवलेल्या वेळी आणि भाडेकरूच्या संमतीने जागा इच्छुकांना दाखवता येईल.’ अंगठे उमटण्याआधी हे वाक्य मसुद्यात आहे का, ते स्वतः वाचून बघा.