कौल मागावा, लढत लावू नये

आमच्या भजनी मंडळाचं एक छोटंसं यूट्यूब चॅनेल आहे. रोज सकाळी सात-आठ मिनिटांचं चिंतन त्यावर येतं आणि तेच मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही जातं. महिन्याचा विषय आम्हीच ठरवायचो. एकदा वाटलं, ऐकणाऱ्यांनाच विचारू. मी हौसेनं पोल टाकला : ‘पुढच्या महिन्यात कोणाचे अभंग ऐकायला आवडतील?’ खाली चार नावं दिली : ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम.

दुपारपर्यंत भरपूर मतं पडली आणि मी खूश होतो. संध्याकाळी पैठणकडच्या एका जुन्या श्रोत्यांचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, “माऊली, नाथांच्या नावापुढे चार टक्के लिहून आलंय. ते बघवत नाही हो.” तोवर ग्रुपमध्येही ‘आपल्या महाराजांना मत द्या’ असे निरोप फिरू लागले होते. मी पोल काढून टाकला. चूक मत देणाऱ्यांची नव्हती. मी प्रश्नच असा विचारला होता की उत्तर देणाऱ्याला कुणाला तरी हरवल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं. संत बहिणाबाईंनी वारकरी परंपरेला इमारतीची उपमा दिली आहे. ज्ञानदेव तिचा पाया आणि तुकोबा कळस. पायाला किती मतं आणि कळसाला किती, असं त्या इमारतीत राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही. मी नेमकं तेच विचारलं होतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. श्रावणासाठी ती कशी राबवता येते, हे एका नमुन्यावरून सांगतो. कीर्तन मंडळ, मंदिराचा ग्रुप किंवा एकट्यानं चालवलेलं चॅनेल, कुणालाही ती वापरता येईल.

पहिलं काम पंचांग उघडण्याचं. श्रावणातले काही दिवस ठरलेलेच असतात. चार सोमवार, नागपंचमी, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी आणि अमावास्येचा पोळा. या दिवसांवर मत मागायचं नाही. अष्टमीला कृष्णजन्म सांगायचा की नाही, हा बहुमताचा प्रश्न नव्हे. तीस दिवसांतून हे आठ गेले की बावीस मोकळे उरतात. सोमवार पाच आले किंवा एखादा सण सोमवारीच पडला तर आकडा थोडा बदलेल. श्रोत्यांना विचारायचं ते फक्त या मोकळ्या दिवसांबद्दल. ही मर्यादा पोस्टच्या पहिल्याच ओळीत सांगितली की ‘आमच्या सणाला वगळलं’ अशी तक्रार येत नाही.

दुसरं काम प्रश्न फिरवण्याचं. कोणाचं ऐकायचं हे न विचारता ‘सध्या मनाला कशाचा आधार हवा आहे?’ असं विचारायचं. पर्यायांत संतांची नावं येत नाहीत, माणसांच्या अवस्था येतात. आमचे चार पर्याय असे होते : ‘कामाच्या धबडग्यात नामस्मरण’, ‘जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख’, ‘मन थाऱ्यावर नसणं’, ‘राग आवरणं’. प्रत्येकाच्या मागे साहित्य आधीच तयार असतं. पहिल्यासाठी जनाबाईंचे दळण-कांडणातले अभंग. दुसऱ्यासाठी ज्ञानदेवांच्या समाधीवर नामदेवांनी लिहिलेले अभंग. तिसऱ्यासाठी रामदासांचे मनाचे श्लोक. चौथ्यासाठी मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग, कारण रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत त्यात धाकटी बहीण घालते. पण हे पोलमध्ये लिहायचं नाही. ज्याला राग आवरायचा आहे तो स्वतःच्या रागाविषयी मत देतो. मुक्ताबाई जिंकल्या असं त्यात कुठेच घडत नाही.

पर्याय लिहिताना सगळे साधारण एकाच लांबीचे आणि एकाच सुरात ठेवावेत. एक पर्याय रसाळ आणि दुसरा कोरडा लिहिला की आपणच निकाल लिहून ठेवलेला असतो. वरच्या पर्यायाला सहज अधिक मतं जातात, म्हणून क्रम बाराखडीचा ठेवावा आणि तसं सांगूनही टाकावं. यूट्यूबच्या साध्या पोलमध्ये पाच पर्याय बसतात. आम्ही चारच ठेवतो, कारण पाचवा बहुधा भरतीचा असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पोल टाकण्याआधीच ठरवून जाहीर करायची : चारही विषय होणारच आहेत. मतांनी फक्त दिवस वाटले जातील. आमची पोस्ट साधारण अशी असते :

‘श्रावणातले सण नेहमीप्रमाणे होतीलच. उरलेल्या बावीस दिवसांत खालचे चारही विषय घेणार आहोत. प्रत्येकाला किमान तीन दिवस. तुम्हाला कशापाशी अधिक थांबावंसं वाटतं, ते सांगा. बुधवारी रात्रीपर्यंत वाट पाहू.’

आता हिशेब. समजा दोनशे मतं आली. नामस्मरणाला 90, दुःखाला 60, मनाला 34 आणि रागाला 16. चौघांचे तीन-तीन मिळून बारा दिवस आधीच दिले आहेत, म्हणजे वाटायला दहा उरले. मतांच्या प्रमाणात ते 4.5, 3, 1.7 आणि 0.8 असे होतात. पूर्णांक तेवढे आधी द्यायचे : 4, 3, 1, 0. दोन दिवस शिल्लक राहतात. ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना ते द्यायचे, म्हणजे रागाला एक आणि मनाला एक. बेरीज होते सात, सहा, पाच आणि चार. सोळाच जणांनी मागितलेल्या विषयालाही चार सकाळी मिळाल्या. नव्वदांचाही मान राहिला, कारण त्यांचा विषय सगळ्यांत जास्त दिवस चालणार आहे. नुसतं बहुमत धरलं असतं तर 110 जणांनी मागितलेलं काहीच झालं नसतं.

वेळापत्रक जाहीर करताना मतांचे आकडे द्यायचे नाहीत आणि ते मतांच्या क्रमानं लावायचंही नाही. तिथीच्या क्रमानं लावायचं. ‘सर्वाधिक पसंती’, ‘बाजी मारली’, ‘पिछाडीवर’ हे शब्द टाळायचे. पोल चालू असताना ‘आता फक्त पाच तास उरले’ अशी आठवणही करायची नाही. या भाषेनं निवडणुकीची हवा तयार होते आणि ती एकदा आली की माणसं विषय सोडून बाजू पाहू लागतात.

पोल कुठे टाकतो, यानंही फरक पडतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या साध्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. बुवांनी एका पर्यायावर बोट ठेवलं की मागची दहा माणसं तिथेच जातात. त्यात बुवांचा दोष नाही, आदराची रीत तशी आहे. शिवाय ‘जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख’ हा पर्याय चारचौघांत निवडणं जड जातं. यूट्यूबवर श्रोत्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत, पण मत देताच टक्के दिसतात. हे दोन्ही नको असेल तर गूगल फॉर्म बरा. त्यात निकालाचा सारांश दाखवण्याची सोय आपण चालू केली नाही तर तो कुणालाच दिसत नाही. ग्रुपवरच पोल घ्यायचा असेल तर एकापेक्षा अधिक उत्तरं देण्याची मुभा चालू ठेवावी. दोन गोष्टी निवडता आल्या की माणूस कुणाच्या विरुद्ध उभा राहत नाही.

दर महिन्याला पोलच हवा असंही नाही. काही पोस्टमध्ये मतमोजणी नसतेच, तरी पुढचा महिना त्यातून ठरतो. ‘हरिपाठ म्हणताना कोणत्या शब्दाशी अडखळता?’ असं आम्ही एकदा विचारलं. शब्दांची यादी झाली आणि त्यातून महिनाभराचा शब्दार्थ उभा राहिला. ‘घरात रोज कोणता पाठ होतो आणि तो कुणी शिकवला?’ या प्रश्नाला आलेली उत्तरं विषयांचं भांडारच होती. अशा पोस्टवर एक काळजी घ्यावी. प्रतिक्रियांवरच्या लाइक मोजू नयेत. ज्याचा गोतावळा मोठा त्याच्या शब्दाला लाइक जास्त येतात. निराळ्या किती जणांना तोच प्रश्न पडला आहे, ते वहीत रेघ मारून मोजावं. आणि एकट्यानंच विचारलेला एखादा प्रश्न दर महिन्याला ठरवून घ्यावा.

एवढं करूनही कधी कधी लढत लागते. तिची चिन्हं लवकर ओळखता येतात. मतांची संख्या रोजच्या ऐकणाऱ्यांपेक्षा एकाएकी बरीच वाढते, बहुतेक मतं एका तासात एकाच पर्यायावर पडतात, प्रतिक्रियांमध्ये विषयापेक्षा ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे शब्द जास्त येतात, आणि रोज ‘राम कृष्ण हरी’ लिहिणारी माणसं गप्प होतात. हे शेवटचं चिन्ह मला सर्वांत खरं वाटतं. अशा वेळी कुणाला रागावू नये. पोल शांतपणे बंद करावा, प्रश्न चुकला असं मोकळेपणानं लिहावं आणि त्या महिन्यापुरते दिवस सारखे वाटून टाकावेत.

मत न देणाऱ्यांचाही हिशेब ठेवायला हवा. आमच्या ऐकणाऱ्यांत नातवाच्या फोनवर चिंतन लावून घेणाऱ्या आजी आहेत. पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एकादशीच्या भजनानंतर आम्ही तेच चार पर्याय वाचून दाखवतो आणि चिठ्ठ्यांसाठी एक डबा ठेवतो. त्या चिठ्ठ्या त्याच हिशेबात धरतो. मागे एका चिठ्ठीत पर्यायाऐवजी एकच वाक्य होतं : ‘सुनेशी बोलणं बंद आहे, त्यावर काही सांगा.’ पोलमध्ये याला जागा नव्हती. रागासाठी आलेले चार दिवस आम्ही या चिठ्ठीसाठीच वापरले. ताटीच्या अभंगांत बंद दारापुढे उभी असलेली बहीण आहेच. चिठ्ठीचा उल्लेख मात्र कुठे केला नाही.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवर फुलं किंवा पाकळ्या लावून माणूस आपली अडचण सांगतो आणि कोणत्या बाजूचं फूल आधी पडतं ते पाहतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा कौल निराळा असतो आणि त्याची अडचणही निराळी असते. एकाला मिळालेल्या उजव्या कौलानं दुसऱ्याचा हरत नाही. तेव्हापासून महिन्याचा प्रश्न लिहिताना मी तो आधी मोठ्यानं वाचतो आणि पैठणच्या त्या श्रोत्यांना फोनवर हाच प्रश्न विचारता येईल का, ते पाहतो. जीभ अडखळली तर पर्याय पुन्हा लिहायला घेतो.