सॉर्टेक्स विकत की भाड्याने?

मन्नाएखेळ्ळीत सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत एक तूरडाळीची गिरणी आहे. तिथे श्रावणात गेलात तर गिरणी निम्मी झोपलेली असते. जुन्या तुरीचा साठा संपत आलेला असतो आणि नवी तूर डिसेंबर-जानेवारीशिवाय आडतीवर येत नाही. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. यंत्रांची खरेदी-विक्री ते याच दिवसांत उरकतात. या वर्षी त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक होता रंग पाहून डाळ निवडणाऱ्या यंत्राचे कोटेशन आणि दुसरा तेच यंत्र पाच वर्षे भाड्याने देण्याचा प्रस्ताव. हिशेब करायला मला बोलावले होते.

या यंत्राला कंपनी कोणतीही असो, गिरणीत सॉर्टेक्सच म्हणतात. वरच्या हॉपरमधून डाळ थरथरत्या फीडरवर येते आणि तिरप्या पन्हळींतून एकेका दाण्याच्या ओळीने खाली घसरते. घसरताना ती कॅमेऱ्यांसमोरून जाते. काळा दाणा, साल न सुटलेला दाणा किंवा खडा दिसला की त्या क्षणी हवेचा एक बारीक फटकारा त्याला बाजूच्या खान्यात उडवतो. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारातला खरेदीदार आजही मूठभर डाळ तळहातावर पसरून काळे दाणेच आधी पाहतो, म्हणून यंत्र हवे याबद्दल वाद नव्हता. ते कोणत्या वाटेने आणायचे, एवढाच प्रश्न होता.

यंत्राची किंमत 25 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी, वाहतूक आणि बसवणी धरून 30 लाख. भाडे वर्षाला सव्वासहा लाख, त्यावरही 18 टक्के, म्हणजे 7 लाख 37 हजार 500. ते दर वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ द्यायचे. या यंत्रांवरचा जीएसटी 18 जुलै 2022 रोजी पाचावरून अठरा टक्क्यांवर गेला. अण्णा डाळ 50 किलोच्या पोत्यांत विकतात, तिच्यावर कर नाही. विक्रीवर कर नसला की खरेदीवर भरलेला कर परत वळता करता येत नाही, म्हणून दोन्ही आकड्यांत तो खर्च म्हणूनच धरला. हीच गिरणी एक-दोन किलोची छापील पाकिटे भरत असती, तर सगळा तक्ता नव्याने मांडावा लागला असता.

अण्णांचा पहिला हिशेब सरळ होता. पाच वर्षांचे भाडे जवळपास 37 लाख आणि यंत्र 30 लाखांचे, मग भाडे कशाला? या बेरजेत दोन गोष्टी सुटतात. पाचव्या वर्षी द्यायचा रुपया आणि आज द्यायचा रुपया सारखा नाही. शिवाय दोन्ही खर्चांतला काही भाग प्राप्तिकरात वाचतो, पण दोघांचा वाचण्याचा वेग वेगळा आहे.

आधी रुपयाचा भाव ठरवू. अण्णांना बँक साडेअकरा टक्क्यांनी कर्ज देते. त्यांची भागीदारी पेढी 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर भरते, म्हणजे 31.2 टक्के. व्याज हा खर्च असल्याने व्याजाच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे 31 रुपये 20 पैसे कर वाचतो आणि कर्ज प्रत्यक्षात साधारण 8 टक्क्यांना पडते. भाड्याचा करार म्हणजे कर्जासारखीच पक्की देणेदारी, म्हणून पुढच्या वर्षांतले भाडे आजच्या रुपयांत आणायलाही हाच 8 टक्क्यांचा दर लावायचा. या दराने वर्षअखेरचा रुपया आजचे साडेब्याण्णव पैसे होतो आणि पाच वर्षांनंतरचा अडुसष्ट पैसे.

"मग खरेदीच्या बाजूला बँकेचं व्याज कुठं लिहिलंय?" अण्णांनी विचारले. हा प्रश्न जवळपास प्रत्येक गिरणीत येतो. व्याज लिहायचे नाही, कारण ते 8 टक्क्यांच्या दरात आधीच बसले आहे. खात्री हवी असेल तर 30 लाखांच्या कर्जाचे सगळे हप्ते मांडा, व्याजावर वाचणारा कर वजा करा आणि प्रत्येक वर्षाचा आकडा त्याच दराने आज आणा. उत्तर पुन्हा जवळपास 30 लाखच येते. व्याज वेगळे लिहिले की ते दोनदा मोजले जाते आणि खरेदी उगीच महाग दिसते.

आता खरेदीची बाजू. आज 30 लाख गेले. यंत्रावर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या 15 टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी साडेचार लाख, दुसऱ्या वर्षी 3 लाख 82 हजार 500, असा तो उतरत जातो. त्यामुळे वाचणारा पाच वर्षांचा कर आजच्या रुपयांत 4 लाख 26 हजार होतो. भाड्याच्या करारात दुसऱ्या वर्षापासूनची देखभाल यंत्रवाल्यांकडे आहे. विकत घेतले तर ती अण्णांच्या गळ्यात, वर्षाला 80 हजार. करबचत वजा करून आज आणल्यावर ती 1 लाख 69 हजार होते. वीज आणि कॉम्प्रेसरचा खर्च दोन्हीकडे सारखा, म्हणून तो तक्त्यात घेतलाच नाही.

घसाऱ्याला तारखेचीही अट आहे. त्या आर्थिक वर्षात यंत्र 180 दिवसांपेक्षा कमी चालले, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे ते साधारण गांधी जयंतीच्या सुमारास सुरू झालेले हवे. नुसते बिल फाडून चालत नाही, यंत्र वापरात आले पाहिजे. नवी तूर येईल तेव्हा डिसेंबरात बसवू असे म्हटले, तर याच तक्त्यात पाच वर्षांतली करबचत सुमारे 39 हजारांनी घटते. त्यातली थोडी पुढच्या वर्षांत परत येते, तेवढेच.

पाच वर्षांनी यंत्र 9 लाखांना विकले जाईल, असा अण्णांचा अंदाज. भाडे कराराने पक्के असते, पण जुन्या यंत्राची किंमत कुणी पक्की केलेली नसते. म्हणून तिला मी 8 नव्हे, 14 टक्के दर लावला. आज तिचे 4 लाख 67 हजार झाले. तेव्हा वहीत यंत्राची किंमत 13 लाख 31 हजार उरलेली असेल. ते 9 लाखांना विकले तर 4 लाख 31 हजारांचा तोटा दिसेल आणि अनेक तक्त्यांत त्यावरचा कर त्याच वर्षी वाचल्याचे लिहिलेले असते. पण प्राप्तिकरात यंत्रे एकेकटी मोजत नाहीत, सारख्या दराची सगळी यंत्रे मिळून एक गट असतो. विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते आणि गिरणीतली इतर यंत्रे शिल्लक असेपर्यंत तो तोटा पुढच्या वर्षांच्या घसाऱ्यातून थोडाथोडा सुटतो. अशा सगळ्या करबचतीची आजची किंमत फक्त 60 हजार.

खरेदीचा निव्वळ आजचा खर्च 22 लाख 16 हजार झाला.

भाड्याची बाजू छोटी आहे. पाच आगाऊ भाडी आज आणली की 31 लाख 80 हजार. पूर्ण भाडे खर्च म्हणून वजा होते, त्यामुळे वाचणारा कर आज 9 लाख 19 हजार. निव्वळ 22 लाख 61 हजार. पहिल्या बेरजेत जवळपास सात लाख दिसणारा फरक सुमारे 45 हजारांवर आला. भाड्यात पूर्ण रक्कम पाच वर्षांत उत्पन्नातून वजा होते. खरेदीत मात्र पाच वर्षांनीही 13 लाखांवर रक्कम वजा व्हायची राहते. दोन्ही बाजू जवळ आल्या त्या यामुळे.

यंत्रवाल्यांनी पाठवलेल्या तक्त्यात मात्र भाडे 1 लाख 90 हजारांनी स्वस्त होते. त्यांचे सूत्र उघडून पाहिले.

```
=NPV(8%,B5:F5)
```

एक्सेलचे हे सूत्र पहिला आकडासुद्धा वर्षअखेरचा धरते. आगाऊ भाड्याचा पहिला हप्ता तर आजच जातो, त्याला कंसाबाहेर ठेवावे लागते.

```
=NPV(8%,C5:F5)+B5
```

एवढ्या बदलाने भाड्याचा खर्च 2 लाख 36 हजारांनी वाढतो आणि निकाल उलटतो. दुसऱ्याने केलेला तक्ता हाती आला की हे सूत्र मी सर्वांत आधी तपासतो.

करबचतीचे सगळे आकडे नफा झाला तरच खरे. तूर चढ्या भावाने भरून ठेवली आणि डाळीचा भाव पडला, तर पेढीला करच लागत नाही. पाचही वर्षे कर शून्य आणि रुपयाचा दर पूर्ण साडेअकरा टक्के धरून मी तक्ता पुन्हा चालवला. तेव्हा खरेदी सुमारे अडीच लाखांनी स्वस्त निघाली, कारण भाड्याची लवकर मिळणारी वजावट मग कुणाच्याच कामाची नसते. अण्णांच्या मागच्या वर्षांचे ताळेबंद नफ्याचे होते, म्हणून मूळ तक्ता कायम ठेवला.

उरला तो जुन्या यंत्राचा भाव. तो 9 लाखांऐवजी 7 लाख 80 हजारांवर आला की दोन्ही बाजू समसमान होतात. त्याखाली भाडे स्वस्त, त्यावर खरेदी. तेव्हा भाड्यात पाच-दहा हजारांची घासाघीस करण्याआधी पाच वर्षे वापरलेल्या सॉर्टेक्सचा भाव काढणे गरजेचे होते. आम्ही कलबुर्गीच्या गिरण्यांत फोन केले. कुणी साडेसहा सांगितले, कुणी सात. नव्या यंत्रांतले कॅमेरे सुधारत जातात, म्हणून जुनी लवकर उतरतात. या भावाने भाडेच बरे होते.

तरी मी अण्णांना आणखी एक विचारले. पाच वर्षांनी तुम्ही ते विकणार आहात का? "विकायचं कशाला? नवीन आलं की जुनं मागच्या लाइनला लावू. बाजूला पडलेला माल त्यातून परत काढायचा." पहिल्या फेरीत काळ्या दाण्यांबरोबर बरीच चांगली डाळही उडते, ती परत मिळवायला दुसरे यंत्र लागतेच. मग बाजारातल्या सात लाखांऐवजी अण्णांना मागच्या लाइनसाठी तेव्हा दुसरे यंत्र आणायला किती पडेल, तो आकडा तक्त्यात बसतो. वाहतूक, बसवणी आणि जीएसटीसह तो 8 लाखांच्या खाली येईल असे आम्हा दोघांनाही वाटेना.

अण्णांनी यंत्र विकत घेतले आणि ते सप्टेंबरातच सुरू करून घेतले. मागच्या लाइनला जागा नसलेल्या, पाच वर्षांनी यंत्र विकूनच टाकणाऱ्या नफ्यातल्या गिरणीला याच आकड्यांवर मी भाड्याचा करार करायला सांगितले असते.