बुडणारा बर्फ

टेबलावर पाण्याचे दोन ग्लास आहेत. दोन्हींत साधंच, थंडगार पाणी. पहिल्या ग्लासात बर्फाचा खडा टाकला. तो नेहमीसारखा तरंगला. दुसऱ्या ग्लासात अगदी तसाच दिसणारा खडा टाकला, तर तो थेट तळाशी जाऊन बसला!

आत खिळा लपवलाय? नाही. मीठ? तेही नाही. तोही पाण्याचाच बर्फ आहे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचाच. फक्त त्यातला हायड्रोजन जरा वजनदार आहे.

आता म्हणाल, हायड्रोजन कुठं हलका-जड असतो का? असतो की. वर्गाचा हजेरीपट आठवा. प्रत्येक मूलद्रव्याला एक नंबर असतो आणि तो त्याच्या केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून ठरतो. एक प्रोटॉन म्हणजे हायड्रोजन, दोन म्हणजे हेलिअम, आठ म्हणजे ऑक्सिजन. पण केंद्रकात न्यूट्रॉन नावाचे कणही असतात. त्यांचं वजन जवळपास प्रोटॉनइतकंच, पण हजेरीपटात त्यांना कोणी विचारत नाही. त्यामुळे पहिल्या नंबरावर चक्क तिघं भाऊ बसलेत. एकाच्या दप्तरात न्यूट्रॉनच नाही, हा आपला नेहमीचा हायड्रोजन. दुसऱ्याकडे एक न्यूट्रॉन, तो ड्युटेरिअम. तिसऱ्याकडे दोन, तो ट्रिटिअम. तिघांची जागा एकच, दप्तरं मात्र कमी-जास्त जड.

अशा भावंडांना म्हणतात समस्थानिक. सम म्हणजे सारखं, स्थान म्हणजे जागा; आवर्तसारणीतली जागा एकच असलेले. इंग्रजीतला ‘आयसोटोप’ हा शब्दही ग्रीक भाषेतल्या ‘सारखी जागा’ याच अर्थाच्या शब्दांवरून केलेला आहे. फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञांनी तो १९१३ मध्ये वापरला, पण सुचवला होता मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी. त्या कादंबऱ्याही लिहायच्या, मग शब्द नेमका सुचणारच!

आता बर्फाकडे वळू. साध्या पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचे १६ आणि दोन हायड्रोजनचे २, मिळून १८ एकक वजन. दोन्ही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरिअम बसवा: १६ अधिक ४, म्हणजे २०. यालाच जड पाणी म्हणतात. गंमत अशी, की रेणू वजनानं वाढला, पण आकारानं जवळपास तेवढाच राहिला. कारण अणू किती जागा व्यापणार, कोणाशी हात मिळवणार हे मुख्यतः बाहेरचे इलेक्ट्रॉन ठरवतात, आणि ते दोन्ही हायड्रोजनांत एकेकच असतात. तेवढ्याच जागेत जास्त वजन मावलं, म्हणजे घनता वाढली.

एक लिटर साधं पाणी १,००० ग्रॅम भरतं. तेवढ्याच जागेतला साधा बर्फ सुमारे ९१७ ग्रॅम, म्हणून तो तरंगतो. जड पाण्याचा बर्फ मात्र सुमारे १,०२० ग्रॅम भरतो. पाण्यापेक्षा थोडासाच जास्त, पण बुडायला तेवढं पुरतं.

‘समस्थानिक म्हणजे किरणोत्सारी’ असं खूप जणांना वाटतं. परीक्षेतही लिहितात बिचारे! पण ते खरं नाही. तिघा भावांत ट्रिटिअम तेवढा किरणोत्सारी. ड्युटेरिअम अगदी शांत, स्थिर. दुसरी चूक म्हणजे वजन वाढवायला प्रोटॉन वाढवणं. तसं केलंत तर नंबरच बदलेल, आणि हायड्रोजनचा हेलिअम होऊन बसेल.

हा ड्युटेरिअम हॅरॉल्ड युरी यांना १९३१ मध्ये सापडला. त्याबद्दल त्यांना १९३४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. तो तुमच्या घरातल्या पाण्यातही आहे बरं! पण सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक. वीस लिटरच्या बादलीतला सगळा ड्युटेरिअम वेचून त्याचं जड पाणी केलं, तर चहाचा एक चमचाही भरणार नाही. म्हणून तर ते वेगळं काढायला मोठमोठे कारखाने लागतात. त्यांतला एक आपल्या रायगड जिल्ह्यात, थळला आहे. तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणीच वापरतात.

आता एक काम तुमच्याकडे. एक लिटर जड पाणी सुमारे १,१०० ग्रॅम भरतं. तो बुडालेला खडा उचलून जड पाण्याच्या ग्लासात टाकला, तर तो बुडेल की तरंगेल? वरचे आकडे पुन्हा एकदा बघा आणि सांगा.